चुका कुणाच्या वाट्याला?

१

२०१६ सालच्या मे महिन्यात 'प्रोपब्लिका' या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने 'मशीन बायस' नावाचा एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. ज्युलिया अँग्विन, जेफ लार्सन, सूर्या मट्टू आणि लॉरेन किर्शनर हे त्याचे लेखक. लेखासोबत एक जोडलेख होता, ज्यात आकडेमोड कशी केली ते पायरीपायरीने सांगितले होते आणि सगळी आकडेवारी कुणीही तपासावी म्हणून खुली केली होती. मूळ लेख लाखोंनी वाचला, जोडलेख फार थोड्यांनी. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे माझ्याकडून उलटे झाले. मी जोडलेख आधी वाचला आणि मग मूळ लेखाकडे वळलो. गेली काही वर्षे हे दोन्ही मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे, आणि ते एकच संहिता म्हणून वाचले पाहिजेत असे माझे मत झाले आहे. या संहितेचे बळ कशात आहे, ती कुठे लंगडी पडते आणि तिने अर्धवट सोडलेला प्रश्न कोणता, हे या लेखात मांडायचे आहे.

विषय थोडक्यात असा. फ्लोरिडा राज्यातल्या ब्रोवर्ड काउंटीत अटक झालेल्या माणसाला 'कॉम्पस' नावाच्या संगणकीय पद्धतीने १ ते १० यांपैकी गुण दिले जात. हा माणूस पुढे पुन्हा गुन्हा करील का, याचे ते भाकीत. १ ते ४ म्हणजे कमी धोका, ५ ते ७ मध्यम, ८ ते १० जास्त. पद्धत नॉर्थपॉइंट या खासगी कंपनीची होती. २००८ साली तिथल्या शेरीफने आणखी एक तुरुंग बांधण्याऐवजी या गुणांचा आधार घ्यायचे ठरवले. ज्यांच्यापासून धोका कमी त्यांना खटला उभा राहीपर्यंत जामिनावर सोडता यावे, हा हेतू. म्हणजे या आकड्यावर कुणाची तरी रात्र घरी जाणार की कोठडीत, हे अवलंबून होते.

मूळ लेखाची सुरुवात दोन माणसांनी होते. अठरा वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी, जिने रस्त्यावर पडलेली लहान मुलाची सायकल उचलली आणि थोड्या अंतरावर टाकून दिली. तिला ८ गुण. दुसरा एक्केचाळीस वर्षांचा गोरा माणूस. त्याने दुकानातून अवजारे चोरली होती आणि पूर्वी सशस्त्र दरोड्यासाठी शिक्षा भोगली होती. त्याला ३ गुण. दोन वर्षांनी ती मुलगी कुठल्याही नव्या गुन्ह्यात नव्हती, आणि तो माणूस गोदाम फोडल्याबद्दल आठ वर्षांची शिक्षा भोगत होता.

कथा म्हणून ही सुरुवात चोख आहे. मात्र पुरावा म्हणून तिची किंमत जवळजवळ शून्य. सात हजार माणसांच्या यादीतून अशी जोडी कोणत्याही बाजूने शोधून काढता येईल. गोऱ्या माणसाला विनाकारण ८ आणि कृष्णवर्णीय माणसाला चुकून ३ गुण मिळाल्याची उदाहरणेही तीत सापडतीलच. या कथेवर कुणी हुरळून जाऊ नये आणि तिच्यावर टीका करून लेख खोडला असेही समजू नये. लेखाचा खरा पाया जोडलेखातल्या एका साध्या कोष्टकात आहे.

२

कोष्टकासाठी लेखकांनी एक निर्णय घेतला. मध्यम आणि जास्त धोका एकत्र करून त्याला 'धोकादायक' म्हटले आणि १ ते ४ गुणांना 'कमी धोका'. मग प्रत्येक माणसाला दोन वर्षांत पुन्हा अटक झाली की नाही ते पाहिले. त्यामुळे प्रत्येक माणूस चारपैकी एका घरात पडला. यंत्राने धोकादायक म्हटले आणि तो खरेच पुन्हा पकडला गेला, हे पहिले घर. धोकादायक म्हटले पण तो पकडला गेला नाही, हे दुसरे. याला मी 'खोटा होकार' म्हणतो. कमी धोका म्हटले पण पकडला गेला, हा 'खोटा नकार'. कमी धोका म्हटले आणि पकडला गेला नाही, हे चौथे घर.

कृष्णवर्णीय आरोपी ३६९६ होते. त्यांतले १७९५ जण दोन वर्षांत पुन्हा पकडले गेले नाहीत, आणि या १७९५ पैकी ८०५ जणांना यंत्राने धोकादायक ठरवले होते. उरलेले १९०१ पकडले गेले. त्यांतल्या १३६९ जणांना यंत्राने ओळखले, ५३२ जण निसटले.

गोरे आरोपी २४५४. पुन्हा न पकडले गेलेले १४८८, त्यांतल्या ३४९ जणांवर धोकादायक हा शिक्का बसला. पकडले गेलेले ९६६, त्यांतले ५०५ ओळखले गेले आणि ४६१ निसटले.

आता पहिला प्रश्न, जो कोणताही विक्रेता आणि कोणताही घाईतला अधिकारी विचारतो: यंत्र एकूण किती वेळा बरोबर आले? कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ९९० आणि १३६९ मिळून २३५९ वेळा, म्हणजे ६४ टक्के. गोऱ्यांच्या बाबतीत १६४४ वेळा, म्हणजे ६७ टक्के. फरक तीनच टक्क्यांचा. इथे थांबले तर यंत्र फारसे हुशार नाही, पण सगळ्यांशी सारखेच वागते, असा निष्कर्ष निघतो. न्यूयॉर्क राज्याने हीच पद्धत २००१ पासून प्रायोगिक तत्त्वावर वापरायला घेतली, २०१० पर्यंत राज्याच्या बहुतेक भागांत नेली, आणि तिची सविस्तर संख्याशास्त्रीय पाहणी प्रसिद्ध झाली २०१२ साली. त्या पाहणीत यंत्र ७१ टक्के वेळा बरोबर आल्याचे म्हटले होते. वंशानुसार फरक मात्र तपासलाच नव्हता. हे सगळे 'मशीन बायस'मध्येच नोंदले आहे, आणि सायकलीच्या कथेपेक्षा मला ते कितीतरी अस्वस्थ करणारे वाटते.

कारण एकूण अचूकता म्हणजे दोन वेगळ्या चुकांची बेरीज. बेरीज सारखी असली म्हणजे चुका सारख्या असतात असे नाही. कृष्णवर्णीयांतले जे पुन्हा पकडले गेले नाहीत, त्यांतल्या ४५ टक्के लोकांवर खोटा शिक्का बसला. गोऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के, जवळजवळ निम्मे. उलट जे पुन्हा पकडले गेले त्यांतले २८ टक्के कृष्णवर्णीय निसटले होते आणि ४८ टक्के गोरे. म्हणजे एका गटाच्या वाट्याला मुख्यतः संशयाच्या चुका आल्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला मुख्यतः सवलतीच्या. दोन्हींची बेरीज केली की हा सगळा प्रकार ६४ आणि ६७ या दोन निरुपद्रवी आकड्यांत बुजून जातो. हे दिसण्यासाठी चार घरे वेगवेगळी मोजावी लागतात, आणि ती गटागटाने मोजावी लागतात. 'मशीन बायस'चे खरे योगदान माझ्या मते एवढे आणि एवढेच आहे. ते लहान नाही.

३

दोन महिन्यांत नॉर्थपॉइंटच्या संशोधकांनी उत्तर दिले. लेखकांचा एकही आकडा खोटा आहे असा त्यांचा दावा नव्हता. कोष्टक चुकीच्या दिशेने वाचले, असा त्यांचा आक्षेप होता. ते म्हणाले, माणूस पुढे काय करणार हे न्यायाधीशाला ठाऊक नसते. त्याच्यासमोर फक्त गुण असतो. म्हणून त्याच्या दृष्टीने प्रश्न असा आहे: यंत्राने ज्यांना धोकादायक म्हटले, त्यांतले किती खरेच तसे निघाले? तो हिशोब करू. कृष्णवर्णीयांत २१७४ जणांवर शिक्का बसला, त्यांतले १३६९ पुन्हा पकडले गेले: ६३ टक्के. गोऱ्यांत ८५४ पैकी ५०५: ५९ टक्के. म्हणजे शिक्क्याचा अर्थ दोन्ही गटांत जवळपास एकच. मग भेदभाव कुठे आहे?

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी वहीत दोन्ही हिशोब शेजारी शेजारी मांडले. दोन्ही बरोबर होते. एकच कोष्टक लेखक आडवे वाचत होते आणि कंपनी उभे. लेखक 'जो निर्दोष राहिला त्याला यंत्राने कसे वागवले' असे विचारत होते, कंपनी 'यंत्राचा शब्द किती खरा ठरला' असे विचारत होती. वर्गात वर्षानुवर्षे मी हे दोन प्रश्न वेगळे आहेत असे शिकवले, पण एका माणसाच्या जामिनावर ते असे समोरासमोर उभे राहिलेले पाहिले नव्हते.

मग दोन्ही कसोट्यांना उतरणारे यंत्र का बनवू नये? याचे उत्तर त्याच वर्षी जॉन क्लाइनबर्ग, सेंधिल मुल्लयनाथन व मनीष राघवन यांनी, आणि स्वतंत्रपणे अलेक्झांड्रा चुल्देचोवा यांनी दिले. ते बीजगणितात आहे, पण एक काल्पनिक उदाहरण घेतले की पाटीवर करता येते.

दोन गट घ्या, प्रत्येकी हजार माणसांचे. पहिल्या गटात ५०० जण पुन्हा पकडले जाणार आहेत, दुसऱ्यात ३००. यंत्र दोन्ही गटांशी दोन बाबतींत अगदी सारखे वागते असे धरू. पकडले जाणाऱ्यांतले ६० टक्के ते ओळखते, आणि त्याने ज्यांना धोकादायक म्हटले त्यांतले ६० टक्के खरेच तसे निघतात. पहिल्या गटात ५०० चे ६० टक्के म्हणजे ३०० ओळखले गेले. हे ३०० म्हणजे एकूण शिक्क्यांचे ६० टक्के, म्हणजे शिक्के ५०० आणि त्यांतले खोटे २००. निर्दोष राहिलेले ५०० होते, त्यांतल्या २०० वर खोटा शिक्का: ४० टक्के. दुसऱ्या गटात ३०० चे ६० टक्के म्हणजे १८०, शिक्के ३००, खोटे १२०. पण इथे निर्दोष राहिलेले ७०० आहेत. ७०० पैकी १२० म्हणजे १७ टक्के.

म्हणजे यंत्राने कुठेही हातचलाखी केली नाही, तरी एका गटातल्या निर्दोष माणसाला खोटा शिक्का बसण्याची शक्यता दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक झाली. दोन गटांत पुन्हा पकडले जाण्याचे मूळ प्रमाणच वेगळे आहे, एवढेच कारण. ब्रोवर्डच्या कोष्टकात ते कृष्णवर्णीयांत ५१ टक्के होते आणि गोऱ्यांत ३९. मूळ प्रमाण वेगळे आणि यंत्र अपूर्ण असेल तर आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी समानता साधता येत नाही. एकीकडे ओढले की दुसरीकडे सुटते. खोट्या होकारांचे प्रमाण सारखे करायचे तर दोन गटांसाठी वेगळा उंबरठा ठेवावा लागेल, आणि मग सारख्या गुणांच्या दोन माणसांना वेगळी वागणूक मिळेल.

'मशीन बायस' वाचताना मला सर्वांत मोठी उणीव जाणवते ती इथे. लेख विषमता दाखवतो आणि ती यंत्रातला दोष असल्याच्या सुरात बोलतो. दोष काढला की यंत्र न्यायी होईल, असे वाचकाला वाटत राहते. त्या आशेला या प्रकरणात आधार नाही. कंपनीच्या उत्तरातली उणीव याच्या उलट आहे. एक कसोटी पुरी झाली म्हणून दुसरी विचारूच नये, असा तिचा सूर आहे. गणित फक्त दोन्ही एकदम मिळणार नाहीत एवढे सांगते. कोणती सोडायची ते गणित सांगत नाही. ते ठरवण्यासाठी या गुणाचे पुढे काय होणार आहे ते पाहावे लागते. गुण पाहून कुणाला समुपदेशन किंवा नोकरी शोधायला मदत मिळणार असेल, तर खोटा होकार फारसा जाचत नाही. पण गुण पाहून माणूस कोठडीत राहणार असेल, तर खोट्या होकाराची किंमत तो माणूस आणि त्याचे घर भरते. अशा वेळी कोष्टक आडवे वाचणे मला अधिक न्याय्य वाटते. हे माझे मत आहे, प्रमेय नाही. ते मत आहे हे उघडपणे सांगणे हाच प्रामाणिकपणा.

कंपनीची कसोटी मान्य केली तरी काम संपत नव्हते. याच आकडेवारीवर नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले की सारखे गुण मिळालेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात पुन्हा पकडल्या गेल्या. म्हणजे स्त्रियांच्या बाबतीत शिक्क्याचा अर्थच वेगळा होता, आणि उभ्या दिशेनेही यंत्र नापास होत होते. वंशाच्या वादात हा गट बाजूला राहिला.

४

आता लेखाच्या आकडेवारीतला एक प्रत्यक्ष दोष. तो २०१९ साली मटियास बॅरेनस्टाईन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवला. दोन वर्षांत पुन्हा अटक झाली का हे पाहायचे, तर प्रत्येक माणूस किमान दोन वर्षे नजरेखाली असायला हवा. लेखकांनी पुन्हा न पकडल्या गेलेल्यांना ही अट लावली. पण पकडले गेलेल्यांतले काही जण, ज्यांचे दोन वर्षांचे निरीक्षण पूर्ण झालेच नव्हते, यादीत तसेच राहिले. परिणामी एका बाजूचे लोक जास्त भरले आणि पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण ४५ टक्के दिसले. दुरुस्तीनंतर ते सुमारे ३६ टक्के येते.

इतकी मोठी चूक सापडल्यावर लेख कोसळायला हवा होता. तो कोसळत नाही, आणि का नाही हे समजून घेण्यासारखे आहे. आडवी टक्केवारी एकेका ओळीच्या आतच काढलेली असते. निर्दोष राहिलेल्यांपैकी किती, पकडले गेलेल्यांपैकी किती. एका ओळीत माणसे जास्त भरली तरी त्या ओळीतले प्रमाण फारसे बदलत नाही, म्हणून ४५ आणि २३ जवळजवळ तसेच राहतात. उभी टक्केवारी मात्र दोन्ही ओळींतल्या माणसांची मिसळण असते. पकडले गेलेले लोक जास्त भरले की यंत्राचा शब्द आहे त्याहून खरा वाटू लागतो. दुरुस्ती केली की ६३ आणि ५९ हे दोन्ही आकडे खाली येतात. लेखकांच्या चुकीचा फायदा लेखकांना झालाच नाही, तो झाला त्यांच्या प्रतिपक्षाच्या आकड्याला.

यातून तपासणाऱ्याने घ्यायचा धडा असा, की गटागटाचे आकडे काढण्याआधी यादीत कोण आले आणि कोण गळाले, आणि दोन्ही बाजूंना एकच अट लावली का, ते पाहावे. कोष्टकाच्या आधीची ही पायरी कंटाळवाणी आहे. बहुतेक चुका तिथेच होतात.

दुसरी अडचण लहान गटांची. जोडलेखातल्या एका गाळीव यादीत ६१७२ माणसे आहेत. त्यांत ३१७५ कृष्णवर्णीय, २१०३ गोरे, ५०९ हिस्पॅनिक, पण आशियाई फक्त ३१ आणि मूळ अमेरिकी ११. कृष्णवर्णीयांच्या ४५ टक्क्यांत नमुन्यामुळे इकडेतिकडे होण्याची शक्यता सव्वादोन टक्क्यांची आहे, गोऱ्यांच्या २३ मध्येही तेवढीच. दोहोंतले अंतर एकवीस टक्क्यांचे, म्हणून ते योगायोगाने आले असे म्हणता येत नाही. पण समजा आशियाईंतले वीसेक जण निर्दोष राहिले आणि त्यांतल्या पाच जणांवर शिक्का बसला. हे २५ टक्के झाले, पण खरे प्रमाण ६ टक्के असू शकेल किंवा ४४. अशा गटापुढे 'फरक आढळला नाही' असे लिहिणे ही फसवणूक आहे. तिथे 'पुरेशी माणसे नाहीत' असे लिहावे, आणि वापर सुरू करण्याआधी त्या गटाची जास्त माणसे मुद्दाम शोधून तपासावीत. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली चेहरे ओळखणाऱ्या यंत्रांची तपासणी केली तेव्हा हेच केले. आफ्रिका आणि युरोपातल्या संसदसदस्यांचे १२७० चेहरे गोळा केले, जेणेकरून सावळ्या स्त्रिया यादीत पुरेशा असतील. स्त्री की पुरुष हे ओळखण्यात उजळ पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. फक्त स्त्री-पुरुष किंवा फक्त वर्ण असे वेगवेगळे पाहिले असते, तर एवढी मोठी दरी दिसली नसती. ती दोन्हींच्या छेदात होती.

५

इथवर मी 'पुन्हा पकडला गेला' असे म्हणत आलो, 'पुन्हा गुन्हा केला' असे नाही. हा शब्द मुद्दाम जपला आहे, कारण या प्रकरणातला सर्वांत खोल प्रश्न त्यात आहे. लेखक आणि कंपनी दोघेही अटकेलाच सत्य मानून चालले. पण ज्या वस्तीत पोलिसांची गस्त जास्त, तिथे त्याच कृत्यासाठी पकडले जाण्याची शक्यता जास्त. मग ५१ आणि ३९ हे मूळ प्रमाण लोकांच्या वागण्याचे किती आणि पोलिसांच्या गस्तीचे किती, हे कोष्टकातून कळत नाही. चेहऱ्यांच्या तपासणीत ही अडचण नव्हती. तिथे उत्तर बाहेरून ठाऊक होते, म्हणून चूक ही नि:संशय चूक होती आणि ती कमी करण्याचा रस्ता होता. इथे ज्या उत्तरपत्रिकेवरून आपण यंत्र तपासतो, तीच संशयास्पद आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. पोलिसांची धाड हा त्या आत्मकथनातल्या वस्तीच्या दिनक्रमाचा भाग आहे. आता कल्पना करा, की अशा वस्तीच्या ठाण्यातल्या नोंदवहीवरून एखादे यंत्र शिकवले आणि त्याच नोंदवहीवरून ते तपासले. आकडे सुंदर जुळतील. ज्यांना यंत्राने धोकादायक म्हटले ते खरेच पकडले जातील, कारण त्यांना पकडणारे हात तेच राहतील. गटागटाची तपासणीही निर्दोष निघू शकेल. म्हणून तपासणीच्या पहिल्या पानावर एक वाक्य असलेच पाहिजे: आपण 'चूक' कशाला म्हणतो आहोत, आणि खरे उत्तर कुणाच्या नोंदीतून घेतले आहे. हे वाक्य 'मशीन बायस'मध्ये पुरेशा ठळकपणे नाही. कंपनीच्या उत्तरात तर नाहीच.

६

शेवटी एक कबुली. निवृत्तीच्या आधी एका पतपुरवठा करणाऱ्या संस्थेने मला सल्लागार म्हणून बोलावले होते. कर्जाचे अर्ज चाळण्यासाठी गुणपद्धत बनवायची होती. कोणते कर्ज थकेल याचा अंदाज घेणारी साधी बेरीज-वजाबाकीची पद्धत मी करून दिली. अहवालात एकूण अचूकतेचा एकच आकडा होता. तो चांगला होता, संचालक खूष झाले, मीही झालो. ती पद्धत पुढे काही वर्षे वापरात होती.

'मशीन बायस' वाचल्यावर मी संस्थेतल्या एका जुन्या परिचितांना फोन केला. म्हटले, ज्या बायकांचे अर्ज फेटाळले गेले, त्यांतल्या किती जणींनी कर्ज फेडले असते, याचा काही अंदाज करता येईल का? ते म्हणाले, "सर, नाकारलेल्या अर्जांचं पुढं काय झालं ते आपल्याला कसं कळणार? आणि मंजूर अर्जांमध्ये सुद्धा बाई की पुरुष तो रकाना तुम्हीच काढायला सांगितला होता ना, भेदभाव नको म्हणून."

खरे होते. रकाना काढला की भेदभाव निघून जातो, असे मला तेव्हा वाटले होते. प्रत्यक्षात भेदभाव आहे की नाही हे तपासण्याचे साधन तेवढे गेले. कॉम्पसच्या प्रश्नावलीतही वंश विचारला जात नव्हता, तरी ४५ आणि २३ हे अंतर पडलेच, आणि ते दिसले ते ब्रोवर्डच्या सरकारी कागदांत प्रत्येकाच्या नावापुढे वंशाची नोंद होती म्हणून. निर्णय घेताना तो रकाना झाकून ठेवावा की नाही यावर वाद होऊ शकतो. तपासताना मात्र तो हवाच.

आज ते काम पुन्हा हाती आले, तर मी पद्धत बनवण्याआधी संचालकांसमोर कोरे कोष्टक ठेवीन. चार घरे, प्रत्येक गटासाठी वेगळी. फेडणारी बाई नाकारली गेली तर तिचे काय होईल आणि बुडवणारा पुरुष मंजूर झाला तर संस्थेचे काय होईल, हे त्यांच्याकडून लिहून घेईन. कोणत्या दिशेची समानता हवी आणि किती अंतर चालेल, तो आकडा निकाल दिसण्याआधी ठरवून घेईन, कारण निकाल दिसल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीची दिशा सापडते. नाकारल्या जाणाऱ्या अर्जांतले काही थोडे चिठ्ठ्या टाकून मंजूर करायला लावीन, म्हणजे त्या घरात काय चालले आहे ते कळेल. त्यासाठी थोडे पैसे बुडतील, तेही आधीच सांगेन. आणि हे सगळे झाल्यावरच पद्धत वापरात जाईल.

ब्रोवर्डमध्ये कोष्टक २०१६ साली भरले गेले, यंत्र वापरात आल्यानंतर आठ वर्षांनी, आणि तेही बाहेरच्या पत्रकारांनी. त्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या टक्केवारीपलीकडचे नव्हते. माझ्या संस्थेत ते अजून कोरेच आहे. आता ते भरताही येणार नाही.